पॉइंटरच्या स्लाइड्स : चौकट, आकडा आणि बाण (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी २०२५

तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षाला दुसऱ्या सत्रात सी भाषा आहे आणि माझ्या नियोजनाप्रमाणे पॉइंटरचा, म्हणजे दुसऱ्या व्हेरिएबलचा पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलचा, भाग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. म्हणजे हाताशी साधारण चार आठवडे आहेत. गेली तीन वर्षे वापरलेला स्लाइड्सचा संच बाजूला ठेवून नवा संच करायचे मी आज ठरवले. त्याचे कारण मागच्या वर्षीच्या चाचणीची एक उत्तरपत्रिका आहे.

प्रश्न नेहमीचाच होता : दोन पूर्णांकांची अदलाबदल करणारे फंक्शन लिहा आणि आकृती काढून समजावा. उत्तर असे होते :

```c
void swap(int *p, int *q)
{
    int *t;
    t = p;
    p = q;
    q = t;
}
```

हे फंक्शन चालवले तर `main` मधील व्हेरिएबल जसेच्या तसे राहतात. मी गुण कापले होते आणि तेव्हा ते योग्यच वाटले होते. आज मात्र त्या मुलाने खाली काढलेली आकृती नीट पाहिली. ५ आणि ८ असे दोन आकडे, डावीकडे `p` आणि `q` ही नावे, नावांपासून आकड्यांपर्यंत दोन बाण. शेजारी तीच आकृती पुन्हा, बाण एकमेकांना छेदणारे. आणि खाली शेरा, 'अदलाबदल झाली'. ही आकृती माझ्याच जुन्या स्लाइड क्रमांक ९ ची नक्कल आहे. माझ्या स्लाइडवरही पॉइंटरला स्वतःची चौकट नव्हती, बाण थेट नावातून निघत असे, आणि कोणते व्हेरिएबल `main` चे व कोणते `swap` चे हे दाखवणारी रेघ कुठेही नव्हती. त्या आकृतीच्या नियमांनी पाहिले तर मुलाचे उत्तर बरोबरच ठरते, कारण त्या आकृतीत ही चूक दिसण्याची सोयच नव्हती.

त्यामुळे नव्या संचासाठी कसोटी एकच ठेवली आहे. वरील फंक्शन आकृतीत टप्प्याटप्प्याने चालवले असता ते का फसते हे, मी तोंडाने एक शब्दही न बोलता, डोळ्यांना दिसले पाहिजे.

८ जानेवारी

आज फक्त आकृतीचे नियम ठरवले. एकही स्लाइड केली नाही. प्रत्येक व्हेरिएबलला एक चौकट. नाव चौकटीच्या बाहेर डावीकडे, पत्ता बाहेर उजवीकडे, आणि आत केवळ किंमत. पॉइंटरची चौकटही याच नियमाने काढायची, म्हणजे तिच्या आतही एक किंमतच असेल; फरक इतकाच की ती किंमत म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी चौकटीच्या उजवीकडे लिहिलेला पत्ता असेल.

```
main
 a  [    5 ]  2000
 b  [    8 ]  2004
 p  [ 2000 ]  2008
 q  [ 2004 ]  2016
```

बाणाचे स्थान यानंतरचे. `p` च्या चौकटीत 2000 लिहिलेले आहे आणि 2000 हा पत्ता `a` चा आहे, ही गोष्ट डोळ्याला चटकन दिसावी म्हणून बाण. यावरून दोन गोष्टी आपोआप ठरल्या. बाण पॉइंटरच्या नावापासून निघणार नाही आणि चौकटीच्या कडेपासूनही निघणार नाही. तो आत लिहिलेल्या आकड्यापाशी सुरू होईल, कारण तो त्या आकड्याचा अर्थ आहे. आणि तो ५ या किमतीवर जाऊन टेकणार नाही, तर `a` च्या चौकटीच्या कडेवर थांबेल, कारण `p` ला `a` च्या जागेची माहिती आहे, त्या जागेत आज काय ठेवले आहे याची नाही. जुन्या संचात बाण किमतीवर टेकत असे आणि मग `a` ची किंमत बदलली की 'आता बाण कुठे जाणार?' असा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारत असे. तो प्रश्न आकृतीनेच निर्माण केलेला होता.

पत्त्यांच्या आकड्यांवर बराच वेळ गेला. प्रथम खरे पत्ते घ्यावेत असे वाटले, म्हणून प्रयोगशाळेतील लिनक्सच्या संगणकावर ते छापून पाहिले.

```c
printf("%p\n", (void *)&a);
```

`0x7ffd3c1a4b6c` अशा धाटणीचा लांबलचक षोडशमान आकडा येतो, आणि सुरक्षिततेसाठी ऑपरेटिंग सिस्टीम दर खेपेला स्टॅकची, म्हणजे फंक्शनमधील व्हेरिएबल जिथे राहतात त्या मेमरीची, जागा हलवत असल्याने तोच प्रोग्राम पुन्हा चालवला की वेगळा येतो. स्लाइडवर हे निरुपयोगी आहे, कारण दोन चौकटींमधील आकडे जुळतात की नाही हे शेवटच्या बाकावरून वाचता आले पाहिजे. म्हणून चार अंकी काल्पनिक पत्ते घेतले. काल्पनिक असले तरी ते खोटे बोलणार नाहीत एवढी काळजी घेतली : आमच्या संगणकांवर `int` चार बाइटचा आणि पॉइंटर आठ बाइटचा असल्याने `a` आणि `b` मध्ये चारचे अंतर आहे, `p` आणि `q` मध्ये आठचे. खरा पत्ता कसा दिसतो याची एकच स्लाइड सुरुवातीला असेल, आणि तिच्यावर प्रोग्राम दोनदा चालवल्याचे चित्र असेल, म्हणजे 2000 हा आकडा पाठ करण्याचा मोह कोणाला होणार नाही.

आकृतीतील आकडे इंग्रजी अंकांतच ठेवले आहेत. विद्यार्थ्याला पडद्यावर ते तसेच दिसतात.

१० जानेवारी

लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये काम सुरू केले. साधी बाणाची रेघ काढली तर चौकट जरा सरकवताच बाण हवेत लटकतो, म्हणून कनेक्टर वापरणे भाग आहे. तो चौकटीला चिकटतो आणि चौकटीबरोबर सरकतो. अडचण अशी की कनेक्टर चौकटीच्या चार कडांच्या मध्यबिंदूंना चिकटतो, आणि माझा नियम तर बाण आतून निघावा असा आहे. उपाय साधा निघाला. पॉइंटरच्या चौकटीत आकड्याच्या उजवीकडे एक छोटा भरीव ठिपका काढला आणि कनेक्टरचे मूळ त्या ठिपक्याला चिकटवले. ठिपक्याचा अनपेक्षित फायदाही झाला : ठिपका असलेली चौकट म्हणजे पॉइंटर, हे बाण काढण्याआधीच कळते.

ॲनिमेशन वापरायचे नाही असे ठरवले. संच पीडीएफ करून विद्यार्थ्यांना द्यायचा आहे आणि पीडीएफमध्ये ॲनिमेशनच्या पायऱ्या राहत नाहीत; सगळे बाण एकावर एक रचलेले एकच चित्र हाती येते. त्याऐवजी प्रत्येक पायरीसाठी आधीच्या स्लाइडची प्रत काढायची आणि तिच्यात हवा तेवढाच बदल करायचा. चौकटी जागच्या हलत नसल्याने स्लाइड पुढे सरकवली की फक्त बदललेला भाग हललेला दिसतो. स्लाइड्सची संख्या वाढेल, पण मोबाइलवर बोटाने मागेपुढे करून पाहणाऱ्याला हे सोयीचे पडेल.

१२ जानेवारी

रविवार असल्याने भाची आली होती. ती दुसऱ्या एका तंत्रनिकेतनात याच वर्षाला आहे आणि त्यांच्याकडे पॉइंटर अजून सुरू झालेले नाहीत, म्हणजे मला हवा तसा कोरा वाचक. तिला पहिल्या सहा स्लाइड्स दाखवल्या, काही समजावले नाही, आणि मग कागदावर हा तुकडा देऊन शेवटची आकृती काढायला सांगितले.

```c
int a = 5, b = 8;
int *p, *q;
p = &a;
q = p;
*q = b;
```

तिसरी ओळ तिने बिनचूक काढली : `p` च्या चौकटीत 2000 आणि तेथून `a` कडे बाण. चौथ्या ओळीला ती थांबली, आणि मग `q` पासून थेट `p` च्या चौकटीकडे बाण काढला.

मी विचारले, "हा बाण असा का गेला?"

ती म्हणाली, "मामा, `q = p` लिहिलंय ना. म्हणजे `q` आता `p` कडे बघतोय."

"बरं, मग `q` च्या चौकटीत आकडा कोणता लिहिशील?"

तिने 2008 लिहिले, म्हणजे `p` चा पत्ता. मग स्वतःच ओळीकडे पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "पण पत्ता घ्यायचा असेल तर पुढे `&` लागतो ना? वरच्या ओळीत होता." तिने 2008 खोडले, `p` च्या आत जे आहे ते, म्हणजे 2000, `q` मध्ये उतरवले, आणि बाण तिला आपोआप `a` कडे वळवावा लागला.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर लिहून ठेवत आहे, कारण हीच चूक मी वर्गात असंख्य वेळा पाहिली आहे आणि आजवर तिचे कारण मला विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष वाटत आले. खरे तर बाणाचे चित्रच तिला निमंत्रण देते. `p = &a` या ओळीनंतर `p` पासून `a` कडे बाण निघतो. तेव्हा 'बरोबर चिन्हाच्या डावीकडून उजवीकडे बाण' असा नियम नवख्या माणसाने मनात बांधला तर त्यात अतार्किक काही नाही. त्या नियमाने `q = p` नंतर बाण `p` कडेच जायला हवा. चूक थोपवली ती चौकटीतील आकड्याने. आकडा लिहायची सक्ती नसती तर भाचीचा बाण तसाच राहिला असता.

पाचव्या ओळीला दुसरी चूक झाली. `*q = b` वाचून तिने `q` चा बाण `a` वरून उचलून `b` वर नेला. खरे उत्तर असे की `q` मध्ये काहीच बदलत नाही. `q` मधील पत्त्यावर जाऊन, म्हणजे `a` च्या चौकटीत, 8 लिहिले जाते. ही चूक मात्र आकड्याने थोपवली गेली नाही, कारण तिने आकडाही बदलून 2004 केला होता. इथे आकृतीच्या नियमात काहीतरी कमी आहे.

१५ जानेवारी

दोन दिवस यावर विचार केला. जे कमी होते ते असे : कोणत्या चौकटीत लिहायचे हे ठरवण्याची पायरी आकृतीत वेगळी दिसत नव्हती. सी मधील साध्या किंमत-देण्याच्या विधानाने एका वेळी एकच चौकट बदलते. मग विधान वाचताना आधी डाव्या बाजूवरून ती चौकट शोधायची आणि तिला जाड किनार द्यायची. त्यानंतर उजव्या बाजूवरून किंमत काढायची आणि जाड किनारीच्या चौकटीत जुनी खोडून नवी लिहायची. डावीकडे नुसते `q` असेल तर जाड किनार `q` च्या चौकटीला मिळते. डावीकडे `*q` असेल तर `q` पाशी जाऊन, तिथल्या बाणाच्या टोकापर्यंत चालत जायचे आणि तिथे जी चौकट असेल तिला जाड किनार द्यायची. बाण नव्याने काढण्याची वेळ एकाच प्रसंगी येते : जाड किनारीच्या चौकटीत ठिपका असेल तेव्हा. ठिपका नसेल तर त्या विधानाने एकही बाण हलत नाही.

यासाठी प्रत्येक विधानाच्या दोन स्लाइड्स केल्या. पहिलीवर फक्त जाड किनार, किंमत अजून जुनीच; दुसरीवर नवी किंमत. `*q = b` ची पहिली स्लाइड आली की जाड किनार `a` ला मिळालेली दिसते, आणि `a` च्या चौकटीत ठिपका नसल्याने बाणाला हात लावण्याचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक दुरुस्ती याच ओघात झाली. जुन्या संचात सर्वत्र `int *p = &a;` असे एका ओळीत लिहिलेले होते. वाचणाऱ्याला त्यात `*p = &a` दिसते, आणि वरच्या नियमाने तो बाणाच्या टोकाशी जाऊन तिथे पत्ता लिहायला निघतो, जेव्हा प्रत्यक्षात किंमत `p` मध्येच जाते. घोषणेतील तारका आणि विधानातील तारका या दोन वेगळ्या कामांच्या आहेत. डेनिस रिची यांनी सी ची रचना करताना घोषणा ही वापरासारखी दिसावी असे योजले होते. `int *p` चा रोख 'पुढे `*p` असे लिहिले तर ते `int` असेल' असा आहे. अनुभवी माणसाला ही योजना आवडते, नवख्याला मात्र ती पहिल्याच दिवशी अडखळवते. म्हणून पहिल्या बारा स्लाइड्समध्ये घोषणा वेगळ्या ओळीत आणि किंमत देणे वेगळ्या ओळीत अशीच मांडणी ठेवली आहे, आणि एका ओळीतील रूप नंतर एका स्वतंत्र स्लाइडवर दोन्ही शेजारी ठेवून दाखवले आहे.

१८ जानेवारी

आता मूळ दुखणे, `swap`. त्यासाठी फंक्शनची हद्द दाखवायला हवी होती. `main` साठी डावीकडे एक फिक्या रंगाचे कार्ड आणि `swap` साठी उजवीकडे दुसरे, असे दोन आयत केले. फंक्शन सुरू झाले की उजवे कार्ड येते, परत फिरले की ते कार्ड त्यातील सर्व चौकटींसह जाते. कार्डे वरखाली ठेवण्याचा विचार होता, परंतु शेजारी ठेवल्याने बाण कार्डांमधून आडवे जातात आणि हद्द ओलांडताना स्पष्ट दिसतात. उजव्या कार्डातील पत्ते 1000 पासून घेतले, कारण आमच्या संगणकांवर स्टॅक खालच्या पत्त्यांकडे वाढतो. हे विद्यार्थ्यांना सांगणार नाही, पण उद्या कोणी खरे पत्ते छापून पाहिले तर आकृती उलटी पडू नये.

`swap(&a, &b);` ही हाक दिल्यावरची स्थिती अशी :

```
main                 swap
 a [ 5 ] 2000         p [ 2000 ] 1000
 b [ 8 ] 2004         q [ 2004 ] 1008
                      t [  ?   ] 1016
```

आधी बरोबर फंक्शन चालवले, ज्यात `t` हा साधा `int` आहे.

```c
t  = *p;
*p = *q;
*q = t;
```

पहिल्या ओळीला जाड किनार `t` ला. 2000 वर जाऊन 5 आणला आणि `t` मध्ये लिहिला. दुसऱ्या ओळीला डावीकडे `*p` असल्याने बाणाने हद्द ओलांडून जायचे, जाड किनार `main` च्या कार्डातील `a` ला मिळते, आणि तिथे 8 लिहिले जातात. तिसऱ्या ओळीला तसेच `b` मध्ये 5. या सर्व स्लाइड्समध्ये एकही बाण हलत नाही. शेवटी उजवे कार्ड निघून जाते आणि डावीकडे 8 आणि 5 उरतात.

मग तीच आकृती घेऊन त्या मुलाचे उत्तर चालवले. `t = p` : `t` मध्ये 2000, `a` कडे दुसरा बाण. `p = q` : `p` मध्ये 2004, त्याचा बाण `b` कडे वळला. `q = t` : `q` मध्ये 2000, बाण `a` कडे. बाण एकमेकांना छेदतात, अगदी उत्तरपत्रिकेतल्यासारखे. परंतु तिन्ही वेळा जाड किनार उजव्या कार्डातच राहिली. डाव्या कार्डातील एकाही चौकटीला ती कधी मिळाली नाही. पुढच्या स्लाइडवर उजवे कार्ड निघून जाते, छेदलेले बाण त्याच्याबरोबर जातात, आणि डावीकडे 5 आणि 8 जसेच्या तसे दिसतात. ६ तारखेची कसोटी माझ्या मते येथे पूर्ण होते.

एक बाब नोंदवण्याजोगी आहे. हे चुकीचे फंक्शन `gcc -Wall` ने कंपाइल केले तरी एकही इशारा येत नाही, आणि तसे होणे योग्यच आहे. भाषेच्या दृष्टीने त्यात आक्षेपार्ह काही नाही, ते फक्त आपल्याला हवे ते करत नाही. त्यामुळे ही चूक आकृतीत पकडण्याला पर्याय नाही.

२२ जानेवारी

विभागातील ज्येष्ठ सहकारी मॅडमना संच दाखवला. त्यांचा आग्रह होता की चौकटी दाखवण्याआधी घर आणि पोस्टमनचे उदाहरण द्यावे. मला ते उदाहरण अर्धवट वाटते, कारण पोस्टमन पत्त्यावर जातो हे कळले तरी `p = q` आणि `*p = *q` यांतील फरक त्यातून निघत नाही.

बोलता बोलता जमिनीचे उदाहरण निघाले, आणि ते मला पटले. दोन चिठ्ठ्यांवर दोन शेतांचे गट क्रमांक लिहून त्या आपण एका माणसाच्या हाती दिल्या. त्याने घरी बसून चिठ्ठ्यांवरचे क्रमांक आपसात बदलले, तर एका शेतातला ऊस दुसऱ्या शेतात जात नाही. पीक बदलायचे तर चिठ्ठीवरच्या क्रमांकाच्या शेतात जाऊनच काम करावे लागेल. पहिली कृती `p = q` ची, दुसरी `*p = *q` ची. आमच्याकडची निम्मी मुले शेतकरी घरांतील असल्याने हे त्यांना सांगावे लागत नाही. तरीही ते स्लाइडवर घातलेले नाही. तोंडी सांगणार आहे. चिठ्ठीला स्वतःचा गट क्रमांक नसतो, पॉइंटरच्या चौकटीला मात्र स्वतःचा पत्ता असतो, आणि पुढे पॉइंटरचा पॉइंटर आला की हे उदाहरण तिथे तुटते.

मॅडमनी दाखवलेली खरी उणीव वेगळीच होती. वरच्या आकृतीत `t` मध्ये मी प्रश्नचिन्ह घातले होते, परंतु पहिल्या सहा स्लाइड्समध्ये `int *p, *q;` या ओळीनंतर दोन्ही चौकटी रिकाम्या सोडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, मेमरीत रिकामी जागा नसते हो. मुलं म्हणतील, अजून काहीच नाही, म्हणजे शून्य आहे."

२५ जानेवारी

मॅडमचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. फंक्शनमधील स्थानिक व्हेरिएबलला किंमत दिली नाही तर त्या जागी आधीचे काहीतरी पडून असते, आणि पॉइंटरच्या बाबतीत ते काहीतरी पत्ता म्हणून वाचले जाते. रिकामी चौकट हा आकृतीतला खोटेपणा होता. आता तीन अवस्था वेगळ्या काढल्या आहेत. किंमत न दिलेल्या पॉइंटरच्या चौकटीत प्रश्नचिन्ह आणि ठिपका, पण ठिपक्यातून बाण नाही. `NULL` दिलेल्या पॉइंटरच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ. आणि खरा पत्ता असलेल्यात आकडा व बाण.

याचा उपयोग `swap` च्या आणखी एका प्रचलित चुकीसाठी लगेच झाला. काही विद्यार्थी `int *t;` असे लिहून पुढे `*t = *p;` लिहितात. नियमाप्रमाणे डावीकडे `*t` आहे, म्हणून `t` पाशी जाऊन बाणाच्या टोकापर्यंत चालायचे. पण तिथे प्रश्नचिन्ह आहे आणि बाणच नाही, तेव्हा जाड किनार कोणाला द्यायची हे ठरत नाही. स्लाइड येथेच थांबवली आहे. पुढची स्लाइड काढता येत नाही हीच ती चूक. या वेळी `gcc -Wall` सांगतो की `t` किंमत न देता वापरला आहे, पण तो केवळ इशारा असतो आणि प्रोग्राम तयार होतोच. तो चालवल्यावर बंद पडू शकतो, किंवा योगायोगाने बरोबर उत्तरही देऊ शकतो. दुसरी शक्यता अधिक त्रासाची, कारण मग विद्यार्थी निकाल दाखवून माझ्याशी वाद घालतो, आणि त्याच्या बाजूने पुरावा असतो.

`scanf` ची स्लाइडही आज उरकली. `scanf("%d", &x)` मधील `&` म्हणजे `scanf` च्या कार्डातून `main` च्या चौकटीकडे येणारा बाण. `swap` नंतर ठेवल्याने तिला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

३० जानेवारी

संच संपवताना एक स्लाइड अशी आली की तिथे बाणाचीच पद्धत अपुरी पडली.

```c
int *nava(void)
{
    int x = 7;
    return &x;
}
```

`p = nava();` असे लिहिले की `nava` चे कार्ड निघून जाते. कार्डाबरोबर `x` ची चौकट जाते, आणि माझ्या आतापर्यंतच्या रीतीने बाणही जायला हवा. पण `p` ची चौकट `main` मध्ये आहे आणि तिच्यात आलेला 1000 हा आकडा कोणी पुसलेला नाही. म्हणजे आकडा शिल्लक आहे आणि त्याचा अर्थ संपला आहे. बाण काढला तर तो कोऱ्या जागेवर टेकतो. न काढला तर `p` जणू प्रश्नचिन्हाच्या अवस्थेत आहे असे वाटते, आणि तेही खरे नाही. शेवटी गेलेल्या कार्डाच्या जागी तुटक रेषांचा आयत ठेवला आणि बाणही तुटक काढला. याच जागेवर पुढच्या कोणत्याही फंक्शनचे कार्ड येऊ शकते, हे दाखवण्यासाठी नंतरच्या स्लाइडवर त्या तुटक आयतात `swap` चे कार्ड ठेवले आहे, आणि आता `p` चा तुटक बाण `swap` च्या चौकटीवर टेकलेला दिसतो. येथे कंपाइलर मदतीला येतो. स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता परत दिल्याचा इशारा तो स्पष्ट शब्दांत देतो.

ॲरेचा भाग मात्र या संचातून काढून टाकला. जुन्या संचात `int marks[5]` साठी मी `marks` नावाची एक वेगळी चौकट आणि तिच्यातून पहिल्या घराकडे जाणारा बाण काढत असे. तशी चौकट मेमरीत कुठेही नसते. `sizeof(marks)` आमच्या संगणकांवर २० येते, पॉइंटरचे ८ नाही. ती आकृती चुकीची आहे एवढे नक्की, परंतु `marks` हे नाव बहुतेक ठिकाणी पहिल्या घराच्या पत्त्यात कसे बदलते हे दाखवायला पाच-सहा स्लाइड्स लागतील, आणि त्या घाईत करण्यासारख्या नाहीत.

५ फेब्रुवारी

आज दोन तास मिळून संच वर्गात वापरला. एकूण ४१ स्लाइड्स झाल्या आहेत, पण जाड किनारीच्या स्लाइड्स भराभर पुढे सरकतात. एका टप्प्यानंतर मी पुढची स्लाइड दाखवण्याआधी थांबून 'किनार कोणाला?' एवढेच विचारू लागलो, आणि वर्ग चौकटीचे नाव सांगू लागला. `p = q` ला काही आवाज 'a' असे आले, पण स्लाइड पुढे गेल्यावर ते स्वतःच गप्प झाले.

चुकीच्या `swap` च्या शेवटच्या स्लाइडवर मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, उजवं कार्ड जायच्या आधी `swap` मध्येच `printf` करून `*p` छापला तर?" प्रश्न उत्तम होता. त्या क्षणी `p` चा बाण `b` वर आहे, म्हणून 8 छापले जाईल, `*q` साठी 5 छापले जाईल, आणि फंक्शनच्या आतून पाहणाऱ्याला अदलाबदल झाली असेच वाटेल. तेच `printf` `main` मध्ये परत आल्यावर केले तर 5 आणि 8. पुष्कळ विद्यार्थी प्रोग्राम बरोबर असल्याची खात्री फंक्शनच्या आतच छापून करून घेतात. हे कारण माझ्या लक्षात आजपर्यंत आले नव्हते.

यासाठी छेदलेले बाण आणि कार्ड निघून जाणे यांच्या मध्ये एक नवी स्लाइड घालायची आहे, जिच्यावर दोन्ही कार्डांखाली त्या त्या ठिकाणच्या `printf` चा निकाल लिहिलेला असेल. शिवाय प्रोजेक्टरवर फिक्या पिवळ्या कार्डाची कड दिसत नाही, ती गडद करावी लागेल. पीडीएफ या दोन्ही दुरुस्त्यांनंतरच विद्यार्थ्यांच्या गटावर पाठवायची.